नाक्यावरच्या अपघातांचा दर काढायचाय? मग महिने नको, अपघात मोजा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवलीय. घोडबंदर रोडवर सर्व्हिस रोड जिथे मुख्य रस्त्याला मिळतो, त्या नाक्यावर दुचाकी घसरली की वॉचमन तारीख, वेळ आणि एक ओळ लिहितो: ‘रात्री ९.२०, स्कूटी, खडीवरून घसरली, दोघांना लागलं.’ चार महिन्यांत सहा नोंदी झाल्या, म्हणजे महिन्याला दीड. वाहतूक शाखेला अर्ज करायचा म्हणून काकांनी विचारलं, “हा दर पक्का म्हणता यावा यासाठी अजून किती महिने लिहायचं?”

महिने किंवा दिवस किती गेले यावर दराचा नेमकेपणा ठरत नाही, तो ठरतो एकूण किती अपघात मोजले गेले यावर. तेव्हा आधी अपघातांची संख्या ठरवायची आणि मग तिला किती महिने लागतील ते काढायचं.

आधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरवा

वहीतल्या त्या ओळीत दोघांना लागलंय. मग नोंद एक की दोन? एक. अधूनमधून घडणाऱ्या घटना मोजताना संख्याशास्त्रात वापरतात त्या पॉयसन गृहीतकात प्रत्येक घटना दुसरीपासून स्वतंत्र असावी लागते. एकाच स्कूटीवरून पडलेली दोन माणसं स्वतंत्र नाहीत, ती जोडीनेच पडली. जखमी मोजले तर आकडे झुंडीने येतात आणि पुढचं गणित खोट्या आत्मविश्वासाचं होतं. म्हणून अपघात मोजा. जखमींची संख्या वेगळ्या रकान्यात लिहा. नाक्याची हद्दही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत. नाहीतर रात्रपाळीचा वॉचमन वेगळंच मोजेल.

किती अपघात पुरेत?

पॉयसनमध्ये सरासरी जेवढी, तेवढाच व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप; त्याचं वर्गमूळ म्हणजे नेहमीचा चढउतार. म्हणून N अपघात मोजले तर केवळ योगायोगाने तो आकडा साधारण √N इतका मागेपुढे होतो. १६ अपघातांना ४, म्हणजे २५ टक्के. १०० अपघातांना १०, म्हणजे १० टक्के. ९५ टक्के भरवसा हवा असेल तर याची १.९६ पट धरायची. त्यातून सूत्र निघतं:

```
N = (1.96 / r)^2
```

इथे r म्हणजे चालवून घेता येईल अशी चूक. २० टक्क्यांसाठी r = ०.२०, आणि N येतो ९६.०४, म्हणजे वर धरून ९७ अपघात. ३० टक्के चालत असेल तर ४३. ५० टक्के चालत असेल तर १६. चूक निम्मी करायची तर अपघात चौपट मोजावे लागतात, यातून सुटका नाही.

आता महिने. ९७ ला दीडने भागा: जवळजवळ ६५ महिने, पाच वर्षांहून जास्त. तोवर रस्ताच बदललेला असेल. ४३ अपघातांना २९ महिने, १६ ना अकरा. काकांचा चेहरा इथे उतरला, आणि ते साहजिक होतं.

यावर मला पटणारा उपाय म्हणजे एका नाक्याऐवजी सारखे नाके एकत्र घेणं. त्याच पट्ट्यात सर्व्हिस रोड मिळणारे, साधारण तेवढ्याच वर्दळीचे सहा नाके घेतले आणि प्रत्येकी दर दीडच्या आसपास असला, तर महिन्याला नऊ अपघात नोंदवले जातील आणि ९७ चा आकडा अकरा महिन्यांत गाठता येईल. पण मग मिळणारा दर त्या सहा नाक्यांचा सरासरी असेल. ‘आमच्याच नाक्यावर इतके’ असं त्यावरून अर्जात लिहिता येणार नाही.

सहा नोंदींवर किती विसंबायचं?

संख्या लहान असताना दोन्ही बाजूंना सारखी चूक धरणं बरोबर नसतं, कारण खरी सरासरी ज्यात असू शकते तो ९५ टक्के भरवशाचा पट्टा वरच्या बाजूला जास्त लांबतो. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये तो असा काढा:

```
=CHISQ.INV(0.025, 2*6)/2
=CHISQ.INV(0.975, 2*(6+1))/2
```

उत्तरं २.२० आणि १३.०६. चार महिन्यांनी भागलं की खरा दर महिन्याला ०.५५ ते ३.२६ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे ‘दीड’ हा निव्वळ अंदाज आहे, आणि त्यावरून काढलेले महिने तिप्पट लांबू शकतात. म्हणून नियोजनात ‘अमुक महिने’ लिहू नका, ‘अमुक अपघात होईपर्यंत’ लिहा. १६ अपघातांचा पट्टा याच रीतीने काढला तर ९.१५ ते २५.९८ येतो, म्हणजे खाली ४३ टक्के, वर ६२ टक्के. सूत्राने कबूल केलेले सरळ ५० टक्के इतक्या लहान आकड्यांत मिळत नाहीत.

वही का सुरू झाली, हेही मी काकांना विचारलं. एका आठवड्यात लागोपाठ तीन अपघात झाले, म्हणून. तर मग ते तीन अपघात अंतिम मोजणीत घ्यायचे नाहीत. वाईट आठवडा पाहून नाका निवडला गेला, त्यामुळे तो आठवडा धरला की दर फुगतो आणि पुढे काहीही न करता ‘सुधारणा’ झालेली दिसते. मोजणी वहीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायची.

पावसाळ्याचं काय करायचं?

समजा जानेवारी ते डिसेंबर अशा नोंदी आल्या: १, ०, २, १, ०, ४, ५, ३, १, १, ०, ०. एकूण १८, सरासरी १.५. व्हेरिअन्स मात्र २.८२, सरासरीच्या १.८८ पट. पॉयसन असतं तर हे गुणोत्तर १ च्या आसपास राहिलं असतं. बारा महिन्यांच्या आकड्यांत ते १.७९ च्या वर गेलं, तर पॉयसनवर शंका घ्यायला जागा आहे.

ही शंका दोन कारणांनी येऊ शकते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. इथे जून ते सप्टेंबरमध्ये १३ आणि उरलेल्या आठ महिन्यांत फक्त ५ अपघात आहेत, तेव्हा कारण ऋतूचं दिसतं. अशा वेळी पूर्ण वर्षं मोजायची. प्रत्येक महिन्याचा दर वेगळा असला, तरी स्वतंत्र पॉयसन आकड्यांची बेरीज पॉयसनच असते, म्हणून वार्षिक सरासरीसाठी N चं सूत्र तसंच लागू पडतं. सहा नाक्यांचं काम अकरा महिन्यांत संपत असलं, तरी बारावा महिना भरूच द्या. मे महिन्यात सुरू करून सप्टेंबरात थांबणं ही सर्वांत वाईट योजना.

ऋतू वेगळे काढूनही आकडे उसळत असतील तर अपघात एकमेकांना खेचतायत. उदाहरणार्थ, सांडलेल्या ऑइलवर पाठोपाठ पाच दुचाकी घसरतात. तिथे ऋतू वेगळे काढल्यावर जे गुणोत्तर उरेल त्याने N ला गुणायचं. समजा ते १.८८ च उरलं, तर २० टक्के चुकीसाठी ९७ ऐवजी ९७ × १.८८, म्हणजे १८३ अपघात लागतील.

काकांनी शेवटी शेजारच्या पाच सोसायट्यांना वह्या दिल्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर नाक्याची हद्द, सुरुवातीची तारीख आणि ‘सहा वह्या मिळून ९७ नोंदी, पण वर्ष पूर्ण झाल्याशिवाय थांबू नये’ असं लिहिलंय.