लिंबाची नवती पिवळी अन् शिरा हिरव्या: चुनखडीच्या रानात आधी हे बघा

परतीचा पाऊस झाला की आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि इकडं माण-खटावच्या लिंबाच्या बागांना नवती फुटते, आणि त्याच टायमाला व्हॉट्सअपवर पिवळ्या पानांचे फोटो सुरू होतात. बहुतेक जण फोटोखाली लगेच विचारतात, कुठलं औषध मारू? औषधाचं नंतर बघू, आधी पिवळी पडलीत ती पानं शेंड्याची आहेत का खालची जुनी आहेत तेवढं सांगा.

लोह कमी पडलं की पहिला शेंडा पिवळा होतो, कारण झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देऊ शकत नाही. पानाची साईज जवळपास नेहमीचीच राहते, मधला भाग पिवळा आणि शिरा मात्र बारीक जाळीसारख्या गडद हिरव्या दिसतात, आणि फारच कमी पडलं तर पान पांढुरकं होऊन शेंडा वाळायला लागतो. नवी पानं बारकी, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे ठिपके-चट्टे असतील तर तिथं झिंक बघा. खालची जुनी पानं पिवळी होऊन देठाकडं हिरवा त्रिकोण राहिला असेल तर मॅग्नेशियम, आणि जुनी पानं सगळीच शिरांसकट पिवळी पडली असतील तर नत्र. जंबेरी खुंटावरच्या मोसंबीलाही हेच लागू आहे. आता बागेत लोह आणि झिंक दोन्ही एकदम कमी असतात असंही होतं, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून एकाच फांदीची पिवळी पानं त्यात नीट भिजवा, फांदीला सुतळी बांधून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी बघा. जिथं द्रावण लागलं तिथं हिरवे डाग उठले तर लोहच कमी आहे, काही फरक नाही पडला तर पुढचा खर्च थांबवा आणि मुळ्या उकरून बघा.

आता गंमत अशी की आपल्या रानात लोह नाही असं बहुतेक नसतंच, माती भरपूर लोह धरून असते, पण पीएच 8 च्या वर गेला आणि त्यात मुक्त चुना असला की ते लोह पाण्यात विरघळतच नाही. माळरानाचा मुरूम, त्यात चुन्याचे पांढरे खडे, आणि वर बोअरचं जड पाणी, म्हणजे मुळीपाशी बायकार्बोनेट वाढत राहतं आणि ते मुळीला लोह घेऊ देत नाही. पाऊस जास्त होऊन रान चिबडलं की हे अजून वाढतं, कारण मुळ्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ओल्या मातीत अडकतो आणि चुन्याबरोबर मिळून अजून बायकार्बोनेट तयार होतं. म्हणून जून ते ऑक्टोबर पिवळी दिसणारी बाग हिवाळ्यात पाणी हाताखाली आल्यावर आपोआप थोडी सुधारते, आणि त्याचं श्रेय मग शेवटी मारलेल्या औषधाला जातं 😀

चुना आहे का हे घरीच कळतं. मातीचं सुकं ढेकूळ घ्या, त्यावर किराणा दुकानातलं व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे. मातीपरीक्षण करताना मात्र पीएचसोबत मुक्त चुना आणि उपलब्ध लोह पण मागून घ्या, लोह 4.5 पीपीएमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. आणि बोअरच्या पाण्याची बाटली पण द्याच, लोक माती देतात आणि पाणी विसरतात.

एक हिशोब घालून दाखवतो, कारण दरवर्षी कोणतरी सांगतंय की गंधक टाका, पीएच खाली येईल. समजा एक एकर लिंबाची बाग आहे, सहा बाय सहा मीटरवर साधारण 110 झाडं, वय चार वर्षं, आणि मुक्त चुना 10 टक्के आला. एकरातली वरची 15 सेंटीमीटर माती वजनात साधारण 9 लाख किलो भरते. त्यातला फक्त 1 टक्का चुना म्हणजे 9 टन, आणि तेवढाच मारायला जवळपास 3 टन गंधक लागतं. आपल्याकडं तर 10 टक्के आहे. म्हणजे अख्ख्या रानाचा पीएच बदलायच्या नादाला लागूच नका, मुळीपाशी थोडी जागा सुधारायची एवढंच आपल्या हातात आहे.

त्या 110 झाडांना मी असं करायला सांगेन. सगळ्यात आधी पाणी, चर काढून साचलेलं बाहेर घालवा आणि ड्रीप रोज चालू ठेवायची सवय सोडा, वरची माती सुकू द्या मग पाणी. मग फवारणी, 15 लिटरच्या पंपाला आधी 15 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवायचं आणि मग 75 ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी मारायचं, आणि पहिल्यांदा दोन-तीन झाडांवर मारून पानं करपत नाहीत ना बघायचं. फेरस सल्फेट फिकट हिरव्या खड्याचं घ्या, तपकिरी पडलेलं पोतं परत करा, ते गंजलेलं असतं. द्रावण लगेच वापरा, सकाळचं उरलेलं संध्याकाळी नको. पण एक लक्षात ठेवा, फवारणीनं फक्त आहे ती पानं हिरवी होतात, पुढची नवती फुटली की ती परत पिवळी, म्हणून दर नवतीला एक-दोन हात घ्यावे लागतात.

जास्त टिकावं म्हणून जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीनं लगेच धरू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह, आणि इथंच पैसे वाया जातात. दुकानात 'चिलेटेड फेरस' म्हटलं की बहुतेक वेळा ईडीटीए मिळतं, ते चुन्याच्या रानात टिकत नाही, कॅल्शियम त्यातल्या लोहाची जागा घेतं आणि लोह परत मातीत बसतं. ईडीटीए फवारायला वापरा. जमिनीतून द्यायचं तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. चार वर्षांच्या झाडाला साधारण 30 ते 40 ग्रॅम, पाकिटावरचा डोस वाचून, नवती फुटायच्या आधी पाण्यातून मुळीच्या भागात द्या आणि वर माती ओढा, ऊन लागलं की ते खराब होतं. हे महाग आहे हे मान्य, म्हणून सगळ्या बागेला न देता जी झाडं जास्त पिवळी आहेत त्यांनाच द्या, बहुतेक ती माळाकडच्या कडेलाच असतात.

स्वस्तात करायचं असेल तर 10 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो फेरस सल्फेट मिसळून, थोडं ओलं करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि ड्रीपरखाली एका बाजूला चर काढून त्यातलं थोडं थोडं द्या, मातीत पसरू नका. नत्रासाठी अमोनियम सल्फेट बरं, त्यानं मुळीपाशी थोडी आम्लता येते. डीएपी दरवर्षी भरपूर टाकत असाल तर हात आखडता घ्या, जादा स्फुरद लोहाला अजून अडवतं.

घरच्या अनंताला पण हेच दुखणं असतं, त्याला पीएच 5 ते 6 च लागतो. बांधकामाचा राडा असलेल्या मातीत लावलेला अनंत पिवळा पडणारच, पण कुंडीत असेल तर माती बदलून टाकता येते, रानाचं तसं नाही. नवीन लिंबू किंवा मोसंबी लावायची असेल तर म्हणून खड्डे घ्यायच्या आधीच दोन फुटांपर्यंतची माती तपासा, वर काळी आणि खाली पांढरी चुनखडी असं रान आपल्याकडं खूप आहे, आणि तसं असेल तर मोसंबीसाठी रंगपूर खुंटावरची कलमं नर्सरीत विचारा.