रॉयल्टी ऑडिट करताय? विक्रीच्या रजिस्टरपासून सुरुवात करू नका

कोथरूडच्या एका इंजिनिअरनी ठिबक सिंचनाच्या फिल्टरचं डिझाइन भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला लायसन्सवर दिलं होतं. रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या ५ टक्के. वर्षाअखेरीच्या पत्रकात १८,४०० फिल्टर दाखवले होते, विक्री १ कोटी ६९ लाख, रॉयल्टी ८,४५,०००. ते ऑडिटसाठी माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "साहेब, नाशिककडच्या प्रत्येक दुसऱ्या शेतात माझा फिल्टर दिसतो, मग आकडा एवढाच कसा?"

त्यांच्या आधीच्या हिशेबनिसांनी पत्रक विक्रीच्या रजिस्टरशी जुळवलं होतं आणि ते पैशापैशाला जुळलं होतं. जुळणारच. पत्रक त्याच रजिस्टरवरून काढलेलं असतं. जीएसटीआर-१ शी जुळवलं तरी फार हाती लागत नाही, कारण त्यातून माल बिलाने गेला एवढं कळतं. त्यातल्या कुठल्या मालावर रॉयल्टी लागते, ते त्या विवरणपत्राला ठाऊक नसतं.

म्हणून मी नगांपासून सुरुवात करतो. या फिल्टरची प्लॅस्टिकची बॉडी चाकणच्या एका मोल्डरकडून यायची, एका फिल्टरला एक. बॉडीचा सुरुवातीचा साठा १,२००, वर्षभरात खरेदी २२,६००, भंगारात ५००, शेवटी शिल्लक ९००. म्हणजे २२,४०० बॉडी वापरल्या गेल्या. तयार फिल्टर आधीचे ६०० होते, शेवटी १,००० उरले. गोदामातून बाहेर पडले २२,०००. पत्रकात १८,४००. फरक ३,६००.

इथे दुसरी चूक होते: हा फरक लगेच चोरी म्हणून समोर मांडायचा. आम्ही तो आधी फोडला. ४०० फिल्टर वॉरंटीत बदलून दिलेले होते, त्यावर करारानुसार रॉयल्टी नाही. ३०० डिलिव्हरी चलनावर नाशिकच्या डेपोत गेले होते आणि तिथेच पडून होते. उरले २,९००. ते सापडले बिलांत: पाइप, नळ्या आणि फिल्टर मिळून 'शेतकरी किट'. किटचा आयटम कोड वेगळा, आणि पत्रक काढणारा अकाउंटंट फक्त फिल्टरचा कोड गाळून घ्यायचा. बदमाशी नव्हती, निदान सुरुवातीला तरी नसावी.

मग वाद किंमतीचा. कारखान्याचे मालक म्हणाले, "किटमध्ये फिल्टर फुकट जातो." करारात किटचा उल्लेख नव्हता. आम्ही सुट्या वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटणी मागितली. सुटा फिल्टर १,००० ला आणि किटवर १० टक्के सूट, म्हणून फिल्टरच्या वाट्याला ९०० रुपये. २,९०० नगांवर रॉयल्टी निघाली १,३०,५००. थोडी कुरकुर झाली, पण हेच त्यांनी मान्य केलं. नवा करार करताना किटच्या वाटणीचं सूत्र आधीच लिहून घ्या.

दाखवलेल्या विक्रीतही एक गाठ होती. १८,४०० पैकी ५,००० फिल्टर कारखान्याच्या मालकांच्या भावाच्या फर्मला ७०० रुपयांनी गेले होते आणि ती फर्म बाहेर १,००० नेच विकत होती. करारात 'पहिल्या त्रयस्थ ग्राहकाकडून मिळालेली किंमत' असे शब्द होते, म्हणून ३०० रुपयांच्या फरकावर ७५,००० मागता आले. हे शब्द नसते तर बाजारभाव सिद्ध करत बसावं लागलं असतं. सरासरी दर बघून हे कळत नाही. ग्राहकवार दर लावून बघा, सर्वात स्वस्तात घेणारा कोण आणि त्याचा पत्ता कारखान्याच्याच गल्लीतला आहे का.

एकूण तूट २,०५,५००. पत्रकाच्या रॉयल्टीशी ताडली तर २४ टक्के, खऱ्या देय रकमेशी ताडली तर साडेएकोणीस. तूट ५ टक्क्यांवर गेली तर ऑडिटचा खर्च कारखान्याने द्यायचा, असं कलम होतं. इथे दोन्हीकडून ती ओलांडत होती. पण तूट काठावर असली तर टक्केवारी कशाची, यावर महिनाभर भांडण होतं.

हे सगळं बॉडीच्या खरेदी रजिस्टरवर उभं होतं आणि तेच पहिल्यांदा नाकारलं गेलं. ऑडिटच्या नोटिशीत फक्त 'विक्रीची पुस्तकं' मागितली होती. खरेदी, साठा, भंगार आणि डिलिव्हरी चलनं स्पष्ट मागा, आणि कराराचं कलम तेवढं रुंद आहे का ते नोटीस काढायच्या आधी बघा.

आणखी एक. पैशाच्या दाव्याला मुदत कायद्यात साधारणपणे ३ वर्षं असतात. चर्चा लांबत असेल तर ती मुदत संपायच्या आत देणं मान्य असल्याचं सहीचं पत्र घ्या, म्हणजे मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी "देतो हो" चालत नाही. आमचे मालकही तीन महिने देतोच म्हणत होते. पत्रावर सही आल्यावर १५ दिवसांत चेक आला. सोबतच्या पावतीवर 'पूर्ण व अंतिम' छापलेलं होतं. मागच्या दोन वर्षांचे किट अजून तपासायचे होते, म्हणून त्या दोन शब्दांवर रेघ मारायला लावली आणि मगच चेक घेतला.