बेअरिंगचे छर्रे न मोजता वजनावरून कसे काढायचे

सुटे छर्रे एकेक करून मोजत बसायचं म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा व्हर्नियरने एकाचा व्यास घ्या, सेंटीमीटरमध्ये, त्याचा घन करा आणि 4.1 ने गुणा, झालं एका छर्र्याचं वजन ग्रॅममध्ये. (स्टीलची घनता 7.85 धरून हा 4.1 येतो.)

सायकलच्या मागच्या हबचा पाव इंची छर्रा बघा, म्हणजे 0.635 सेंमी. घन 0.256, गुणिले 4.1, साधारण 1.05 ग्रॅम. म्हणजे किलोत साडेनऊशेच्या आसपास बसतात.

फक्त त्रिज्या नाही, व्यासच घ्यायचा हं, नाहीतर वजन आठपट कमी येतं. आणि वजनासाठी डबा भरणार असाल तर मधल्या फटी धरा, लिटरच्या डब्यात पावणेआठ किलो नाही, पावणेपाचच्या आसपासच मावतं.