संशोधन आराखड्याची फेरमांडणी : खारपाणपट्ट्यातील शेततळ्यांचे उदाहरण

पीएच.डी.च्या आराखड्याचा पहिला मसुदा बहुधा वाचनाच्या क्रमाने लिहिला जातो, परंतु विद्यापीठाची संशोधन व मान्यता समिती त्यात युक्तिवादाचा क्रम शोधते. माझा विषय पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात शेततळ्याचे पाणी कसे वापरले जाते, हा होता. मसुद्याची छापील प्रत घेऊन मी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पार्श्वभूमी, गॅप, प्रश्न, पद्धती, वेळापत्रक किंवा अपेक्षित निष्पत्ती यांपैकी एकच शब्द लिहिला आणि ज्याला दोन शब्द लागले, तो परिच्छेद तोडला.

पार्श्वभूमीत तेवढेच ठेवले, ज्यावाचून गॅप कळणार नाही : अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीच्या ओलितावर मर्यादा येते, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी मोलाचे ठरते. विदर्भातील सिंचनाचा सारा इतिहास त्यामुळे वगळला.

खरा कस गॅप लिहिताना लागतो. ‘दर्यापूर तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य नवोदितांच्या आराखड्यांत हमखास आढळते. पण त्यातून केवळ गावाचे नाव बदलते, अज्ञात गोष्ट कोणती ते कळत नाही. मी ते असे बदलले : ‘शेततळ्यामुळे उत्पादनात पडणारा फरक मोजला जातो, मात्र पाणी अपुरे असताना शेतकरी कुटुंब ते कपाशीला द्यायचे की हरभऱ्यासाठी राखायचे, हे कशावरून ठरवते, ते त्या मोजमापातून समजत नाही.’ असे वाक्य साधले की प्रश्न त्यातूनच निघतात : हा निर्णय कुटुंबात कोण घेते, आणि जमीनधारणेनुसार तो बदलतो का?

यानंतर प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे उत्तर देणारी सामग्री लिहावी. निर्णयासाठी मुलाखती आणि प्रत्यक्ष वापरासाठी तळ्यातील पातळीच्या नियमित नोंदी, अशी माझी जोडणी होती. मातीपरीक्षणाचा परिच्छेद कोणत्याच प्रश्नासमोर बसेना, म्हणून तो काढला. मार्गदर्शकांना त्याची हळहळ वाटली, पण तो तिथे निरर्थकच होता.

वेळापत्रक सत्रांप्रमाणे न आखता हंगामाप्रमाणे आखावे, कारण हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरला जातो आणि मंजुरी जानेवारीत मिळाली, तर त्या रब्बीतील पाणीवाटपाचा निर्णय तुमच्या डोळ्यांदेखत होत नाही. दोन रब्बी हंगाम हवे असतील, तर कोर्सवर्क धरून किमान 3 वर्षांच्या मुदतीत ते कुठे बसतात, हे तक्त्यात दिसले पाहिजे. न बसल्यास पद्धतीकडे परत जाऊन हंगाम कमी करावा.

अपेक्षित निष्पत्तीत ‘शेततळ्यांमुळे उत्पन्न वाढते हे सिद्ध होईल’ असे लिहिणे म्हणजे उत्तर आधीच ठरवणे होय. ‘पाणीवाटपाच्या निर्णयाचे घटक आणि लहान व मोठ्या खातेदारांमधील फरक यांचे वर्णन मिळेल’ एवढे विधान पुरेसे आहे, कारण फरक आढळला नाही, तरी ते खोटे ठरू नये म्हणून ‘असल्यास’ हा एक शब्द त्यात घालता येतो.