स्कॅनमधला शब्द लागत नसेल तर भाषांतरात काय लिहावे: माझा अनुभव

अडचण अशी: हस्तलिखित दाखल्यावर शिक्का पडलेला, उजवी कड स्कॅनमध्ये कापलेली, आणि भाषांतर शंका काढून परत. जागा कोरी सोडली तर शब्द गाळल्यासारखा वाटतो, तीन टिंबे मूळचीच वाटतात, अंदाजाने भरलेले नाव दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. वैताग येतो.

शेवटी हे चालले. आधी जास्त रिझोल्यूशनचा रंगीत स्कॅन मागवला, कारण कृष्णधवल प्रतीत शिक्क्याची निळी शाई आणि अक्षरे एकच होतात. तरीही न लागलेल्या जागी चौकोनी कंस घातले, कारण गोल कंस मुळातही असू शकतात. शिक्क्याखाली [अवाचनीय: एक शब्द]. कडेला दिसली तेवढीच अक्षरे, लगेच [पुढे कापलेले].

सालाला जास्त वेळ लागला. शेवटचा अंक १ की ९? त्याच हाताने इतरत्र लिहिलेले १ आणि ९ शेजारी ठेवून पाहिले. तरी ठरेना, तेव्हा १९६[१ किंवा ९] असे लिहिले. वय किंवा दुसरा दाखला पाहून अंक ठरवला नाही. तो पडताळणाऱ्याचा निर्णय. शेवटी कंसांचा अर्थ एका ओळीत दिला.