शिलाई दुकानासाठी गिऱ्हाइकाचा व्हिडिओ: काय विचारायचं, काय नाही

फोन उभा धरा, उजेड तोंडावर येऊ द्या, पंखा आणि शिलाई मशीन बंद ठेवा. एवढं झालं की तयारी संपली.

खरी गोची बोलण्यात आहे. दुकानदार हौसेनं उत्तरं लिहून देतात आणि मग शाळेत कविता म्हटल्यासारखं ऐकू येतं, “येथील शिलाई उत्कृष्ट असून...” बेळगावात असं कोण बोलतं? उत्तर कधीच लिहून देऊ नका. कागदावर फक्त प्रश्न असावेत, तेही तुमच्याजवळ. “शिलाई कशी वाटली?” हा प्रश्न तर खोडूनच टाका. त्याला “छान” याशिवाय उत्तर येत नाही. आधी अडचण विचारा. शहापूरच्या एका दुकानासाठी एका गिऱ्हाईक बाईशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

“इथं यायच्या आधी ब्लाउजचं काय व्हायचं?”
“मला नीट बसायचंच नाही.”

बरेच जण इथंच पुढच्या प्रश्नावर उडी मारतात. मारू नका. “म्हणजे नेमकं काय व्हायचं?” असं विचारा आणि गप्प बसा. ती गप्प राहिली तरी तुम्ही मधे बोलू नका.

“मुंढ्यात काचायचं बघा. हात वर केला की सगळं ब्लाउजच वर सरकायचं. खणाचं होतं, टाकवत पण नव्हतं.”

हे ऐकून बघणारी बाई थांबते, कारण तिच्या कपाटातही असं एक ब्लाउज असतं.

“मग इथं काय केलं?”
“शिंपी मामांनी घालून हात वर करायला लावला. आत शिवणीत जादा कापडाचा दाब होता, तो उसवून मुंढा सैल करून दिला.”

हे बोलणं चालू असताना उसवलेल्या शिवणीचं जवळून चित्रण दाखवा. आत दाब सोडलेला नसेल तर ब्लाउज असं सैल करता येत नाही, हेही मामांच्या तोंडून एका वाक्यात येऊ द्या. नाहीतर उद्या प्रत्येक जण तंग ब्लाउज घेऊन दारात उभा राहील.

“घालून कुठं गेलात?”
“भावाच्या लग्नात. दुपारभर वाढत होते, एकदा पण खाली ओढायला लागलं नाही.”

“काही खटकलं का?”
“गणपतीच्या तोंडावर दिलं तर वेळेत मिळत नाही. आधीच द्यायला लागतं.”

दुकानदार हे वाक्य कापायला सांगेल. कापू नका. त्यामुळंच बाकीचं खरं वाटतं, शिवाय लोक कपडे लवकर शिवायला आणून देतात ते वेगळंच.

तुमचा आवाज शेवटी काढून टाकायचा असेल, तर “उत्तरात ब्लाउजचं नाव घ्या” एवढं आधी सांगा, म्हणजे प्रश्नाशिवायही अर्थ लागतो. बोलताना ती मधेच कन्नडमध्ये गेली तर अडवू नका, खाली दोन्ही भाषांत ओळी द्या. एका मिनिटाच्या आत बसवा, आणि टाकण्याआधी तिला दाखवून होकार घ्या.