निबंधात स्वल्पविराम कमी पडतो तेव्हा: अर्धविराम की डॅश, कसं ठरवायचं?

जळगाव-भुसावळकडच्या स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांचे निबंध वाचताना एक गोष्ट सारखी दिसते, माहिती भरपूर असते, मुद्देही बरोबर असतात, पण पूर्ण परिच्छेद नुसत्या स्वल्पविरामांवर पळत राहतो आणि तपासणाऱ्याला कळत नाही की एक विचार कुठं संपला. मेसेजमध्ये हे चालतं, औपचारिक निबंधात नाही. हा नमुना बघा:

"रावेर आणि यावल हे केळीचे प्रमुख तालुके आहेत, तापीकाठची जमीन काळी व सुपीक आहे, उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, उष्ण वाऱ्याने पाने फाटतात, पण शेतकरी बाग सोडत नाही, तो कडेने शेवरी लावतो."

आधी क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आपलं काम सोपं आहे. प्रत्येक स्वल्पविरामाच्या लगेच आधीचा शब्द बघा. इथे काय दिसतं? आहेत, आहे, जाते, फाटतात, नाही. म्हणजे पाचही ठिकाणी वाक्य पूर्ण झालंय, आणि तिथे एकटा स्वल्पविराम कमी पडतो. त्याच जागी 'करून', 'असल्याने', 'गेल्यावर' असं काही असतं तर वाक्य अजून चालू आहे, तिथे स्वल्पविराम ठीक.

एक फसवी जागा मात्र आहे: जो-तो, जर-तर, जेव्हा-तेव्हा. "ज्या बागेला आडोसा असतो, तिची पाने कमी फाटतात." इथे 'असतो' पूर्ण क्रियापद आहे, तरी पहिला भाग एकटा उभा राहत नाही. "ज्या बागेला आडोसा असतो." एवढंच म्हणून थांबून बघा, ऐकणारा पुढची वाट बघेल. इथे स्वल्पविरामच हवा.

मग पूर्णविराम की अर्धविराम?

दोन्ही बाजू एकट्या उभ्या राहतात ना, मग त्यांचं नातं बघा. दुसरं वाक्य पहिल्याचं कारण, परिणाम किंवा विरोध सांगत असेल तर अर्धविराम, नाहीतर सरळ पूर्णविराम. तालुक्यांची माहिती आणि जमिनीचा पोत या दोन वेगळ्या गोष्टी, तिथे पूर्णविराम. वारा पानं फाडतो आणि तरी शेतकरी बाग सोडत नाही, हा विरोध, तिथे अर्धविराम:

"उष्ण वाऱ्याने पाने फाटतात; पण शेतकरी बाग सोडत नाही."

इथे इंग्रजी माध्यमाची पोरं अडतात, कारण इंग्रजीत 'बट'च्या आधी साधारण कॉमा देतात. आपल्या शालेय व्याकरणात मात्र उभयान्वयी अव्ययाने जोडलेल्या दोन छोट्या वाक्यांमध्ये अर्धविराम शिकवतात. मराठी निबंधात मराठीचा नियम पाळा, इंग्रजी निबंधात इंग्रजीचा, आणि एका निबंधात दोन्हीची सरमिसळ करू नका.

अर्धविरामाचं अजून एक काम आहे, यादीत आधीच स्वल्पविराम असतील तेव्हाचं: "जळगावमधील रावेर, यावल, चोपडा; धुळ्यातील शिरपूर, शिंदखेडा; नंदुरबारमधील शहादा, तळोदा." इथे सगळीकडे स्वल्पविराम टाकले तर कुठला तालुका कुठल्या जिल्ह्याचा, हे बाहेरच्या वाचकाला कसं कळणार?

डॅश कुठे?

यादी सोडली तर अर्धविरामाला दोन्हीकडे पूर्ण वाक्य लागतं, डॅशला लागत नाही. पहिल्या भागाने काहीतरी सांगायचं कबूल केलं आणि दुसऱ्याने ते उघडून दाखवलं, तर डॅश:

"या वाऱ्यावर शेतकऱ्याचा उपाय साधा आहे — बागेच्या कडेने शेवरीची रांग."

'शेवरीची रांग' हे पूर्ण वाक्य नाही, म्हणून इथे अर्धविराम चुकेल, आणि स्वल्पविराम दिला तर उपाय कुठला ते ठळक होत नाही.

दुसरा उपयोग मधे घातलेल्या माहितीचा: "खान्देशचे तीन जिल्हे — जळगाव, धुळे आणि नंदुरबार — मुख्यतः तापीच्या खोऱ्यात येतात." मधला भाग बोटाने झाकून वाचा. उरलेलं वाक्य नीट लागलं तर डॅश बरोबर, अडखळलं तर वाक्यच परत बांधा. मधला भाग एक-दोन शब्दांचा आणि आत स्वल्पविराम नसलेला असेल तर साधे दोन स्वल्पविराम पुरतात. उघडलेला डॅश बंद करायलाही विसरू नका, सुरुवात डॅशने आणि शेवट स्वल्पविरामाने, असं फार दिसतं.

माझ्या मते एका परिच्छेदात डॅशची एखादी जागा पुरे, जास्त झाले की औपचारिक लेखन गप्पांसारखं वाटायला लागतं.

आता परिच्छेद

"रावेर आणि यावल हे केळीचे प्रमुख तालुके आहेत. तापीकाठची जमीन काळी व सुपीक आहे. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि उष्ण वाऱ्याने पाने फाटतात; पण शेतकरी बाग सोडत नाही. त्याचा उपाय साधा आहे — बागेच्या कडेने शेवरीची रांग."

टाइप करताना डॅशच्या जागी छोटा हायफन पडू देऊ नका, तो 'जळगाव-भुसावळ' असे शब्द जोडायला असतो. मोबाईलच्या बऱ्याच कीबोर्डवर हायफनचं बटण दाबून धरलं की लांब डॅश मिळतो. हाताने लिहिताना रेघ हायफनच्या निदान दुप्पट ओढा आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडा.